डाग कुणाच्या पाण्याचा?

हाउसिंग सोसायटीच्या सभेत आवाज चढतात ते बहुतेक तीन विषयांवरून: पार्किंग, कुत्री आणि गळती. पहिल्या दोन विषयांत इंजिनिअरला करण्यासारखं काही नाही. तिसऱ्यात मात्र भरपूर आहे, आणि बांधकामात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या माणसाला घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या परिघात, कुणाची नोकरी न करता बरं उत्पन्न देणारं हे एक काम आहे. ते फार जण करत नाहीत, कारण ते किरकोळ वाटतं.

निवृत्त सिव्हिल इंजिनिअरला पहिल्यांदा सुचतं ते स्ट्रक्चरल ऑडिट. त्याला मागणी आहे हे खरंच. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना ते महापालिका कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा ऑडिट व्हावं लागतं. पण त्या अहवालावर सही चालते ती महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची. उभी हयात रस्त्यांवर किंवा कालव्यांवर गेलेल्या माणसाकडे ही नोंद नसते, आणि साठीनंतर तिच्यामागे लागणं प्रत्येकाला जमत नाही. दुसरा नेहमीचा मार्ग म्हणजे एखाद्या ठेकेदाराचा ‘सल्लागार’ होणं. त्यात महिन्याला पैसे येतात, पण हळूहळू आपलं मत ठेकेदाराच्या कोटेशनसारखं दिसू लागतं.

या दोहोंच्या मध्ये एक जागा रिकामी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या छताला ओल आली, एवढ्यासाठी मोठी सल्लागार कंपनी येत नाही. वॉटरप्रूफिंगवाला येतो, तोही फुकट तपासायला. पण वॉटरप्रूफिंगवाल्याला प्रत्येक गळतीत वॉटरप्रूफिंगच गेलेलं दिसतं. ज्याला दुरुस्तीचं काम नको आहे, अशा जाणकाराने येऊन पाणी नेमकं कुठून येतंय ते सांगावं, ही गरज कुणीच भागवत नाही. या तपासणीला आपल्याकडे वेगळा परवानाही लागत नाही. मत देणारा माणूस जाणता हवा आणि मत लेखी हवं.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ पुण्यात हे काम करतात. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. धरणाच्या गॅलरीत खाचेवरून वाहणारा पाझर मोजून तो वाढतोय की घटतोय याची वर्षानुवर्षं नोंद ठेवणं, हे त्यांचं जुनं काम. त्यांच्या मते फ्लॅटमधली गळतीही त्याच शिस्तीने पकडावी लागते. डाग किती मोठा आहे याला फारसा अर्थ नसतो. तो कधी वाढतो आणि कधी वाळतो, यावरून उगम कळतो.

म्हणून त्यांचा पहिला अर्धा तास हत्यार न काढता जातो. डाग फक्त पावसाळ्यात येतो की बारा महिने असतो? घरातले गावाला गेले की कमी होतो का? वरच्या मजल्यावरचे गेले की? पाण्याची भरलेली लाइन फुटली असेल, तर तिच्यात दाब चोवीस तास असल्यामुळे गळती दिवसरात्र सारखी राहते. सांडपाण्याचा पाइप गळत असेल तर वापर झाला की ओल वाढते आणि वापर थांबला की काही तासांनी मंदावते. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर पाणी सावकाश उतरतं, कधी दिवस-दोन दिवसांनी. बाहेरच्या भिंतीतून येणारं पाणी पावसाबरोबर येतं, तेही वारा त्या बाजूचा असेल तेव्हा. आणि एसीच्या ड्रेन पाइपचं पाणी एप्रिल-मेमध्ये दिसतं, जेव्हा दुसरं कुठलंच कारण पटत नाही. एवढं विचारलं की पाच संशयितांपैकी दोन-तीन तिथेच सुटतात.

त्यांनी हाताळलेलं एक प्रकरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमबाहेरच्या पॅसेजच्या छताला डाग होता. बाथरूमच्या छताला नव्हता, भिंत ओलांडून फूटभर अलीकडे होता. बारा महिने ओल. वरच्या फ्लॅटवाल्यांनी दोन वर्षांपूर्वीच बाथरूम नवं केलेलं, त्यामुळे ते ऐकून घ्यायला तयार नव्हते. खालचे म्हणत होते, नवं केलं तेव्हापासूनच सुरू झालंय. सेक्रेटरी दोघांना कंटाळलेले. ‘साहेब, बाथरूम फोडायचं असं तुम्ही लिहून द्या, म्हणजे विषय संपेल,’ अशी त्यांची सूचना होती.

साहेबांनी आधी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घातली. मग छतावर वीतभर अंतराच्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीत ओल मोजण्याच्या मीटरचा आकडा टिपला. हा दोन पिनांचा मीटर काही हजारांत मिळतो. मात्र त्याचा आकडा मुळात लाकडासाठी ठरवलेला असतो, प्लास्टरवर तो टक्केवारी म्हणून वाचायचा नसतो. शिवाय प्लास्टरला क्षार फुटलेले असले, तर कोरड्या जागीही तो ओल दाखवतो. त्याचा उपयोग तुलनेपुरता: तीच जागा, तोच मीटर, काल आणि आज. ज्यांना थर्मल कॅमेरा घ्यायची घाई असते त्यांनीही लक्षात घ्यावं, की कॅमेरा तापमान दाखवतो, पाणी नाही.

पहिली चाचणी दाबाची. वरच्या बाथरूमचे सगळे नळ बंद करून लाइनला हातपंप आणि गेज लावलं, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब दिला आणि काटा काही तास तपासला. तो हलला नाही. इथे एक इशारा. जुन्या जीआय लाइनवर ही चाचणी करताना दाब बेताने द्यावा, गंजलेला सांधा आपल्याच चाचणीत फुटला तर भांडणात तिसरा पक्ष आपण होतो.

दुसरी चाचणी पाणी साठवण्याची. नहाणी ट्रॅप प्लॅस्टिक आणि फडक्याने बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी भरलं. चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये ते साधारण 66 लिटर होतं, म्हणजे चार बादल्या, त्यामुळे स्लॅबवर भाराची काळजी नसते. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण केली आणि 48 तास कुणी बाथरूम वापरायचं नाही असं ठरलं. खाली मीटरचे आकडे जिथल्या तिथे राहिले. वरचे खूश झाले आणि सेक्रेटरींना वाटलं, आता बाहेरची भिंत, म्हणजे खर्च सोसायटीच्या गळ्यात.

बहुतेक तपासण्या इथेच थांबतात आणि चुकतात. साठवलेलं पाणी इंचभर उंचीपर्यंतच भिडतं. त्याच्या वर भिंतीत काय चाललंय ते या चाचणीला कळतच नाही. आणि दाबाच्या चाचणीतही एक पळवाट राहते: मिक्सरपासून वर शॉवरकडे जाणारा पाइप एरवी रिकामा असतो, शॉवर सुरू असतानाच त्यात पाणी चढतं. नळ बंद ठेवून केलेल्या चाचणीत तो तपासलाच जात नाही.

तेव्हा पुढच्या चाचण्या वेगवेगळ्या दिवशी झाल्या. एका दिवशी शॉवरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून पाणी थेट बादलीत सोडलं, वीस मिनिटं, भिंतीला थेंबही न लागता. खाली फरक नाही, म्हणजे शॉवरचा पाइप सुटला. मध्ये दोन दिवस जाऊ दिले. मग दुसऱ्या नळाला पाइप जोडून फक्त शॉवरच्या भिंतीवर पाणी मारलं, खालचा ट्रॅप उघडा ठेवून, म्हणजे फरशीवर पाणी साठायला नको. संध्याकाळी पॅसेजमधल्या तीन चौकटींचे आकडे चढले. खात्री करायची म्हणून, आकडे पुन्हा उतरल्यावर, मिक्सरच्या गोल पत्र्याभोवती चिकटपट्टी लावून तोच प्रयोग केला. या वेळी काही नाही.

नूतनीकरणात टाइलला मिक्सरसाठी भोक पाडलं होतं, ते गरजेपेक्षा मोठं पडलं होतं आणि वरून चकचकीत पत्रा लावून झाकलं होतं. अंघोळीचं पाणी पत्र्यामागून टाइलच्या पाठीमागे उतरत होतं. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर फूटभरच चढवलेला. त्याच्यामागून आलेलं पाणी बाथरूमच्या बाजूला अडत होतं आणि विटांतून पॅसेजच्या बाजूला स्लॅबवर जात होतं. म्हणून डाग भिंतीच्या अलीकडे. दुरुस्ती काय, तर पत्रा काढून भोक भरणं आणि सीलंट लावणं. अर्ध्या दिवसाचं काम. बाथरूम फोडलं असतं तर फरशी, वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल असा मोठा खर्च झाला असता, आणि भिंतीतलं भोक तसंच राहिलं असतं.

त्यांच्या अहवालातलं एक वाक्य मला त्या सगळ्या तपासणीइतकं मोलाचं वाटतं. त्यांनी लिहिलं होतं, की दुरुस्तीनंतरही भिंतीत आणि फरशीखालच्या भरावात साचलेलं पाणी दोन-तीन आठवडे झिरपत राहील, तेवढ्यावरून दुरुस्ती फसली असं समजू नये. ज्या बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली सोडून विटांच्या कोब्याने भरलेला असतो, तिथे तर हे हमखास होतं. उगम बंद झाला तरी भराव पिळून निघायला वेळ घेतो. ही सूचना आधी लेखी नसेल तर आठव्या दिवशी फोन येतो, आणि बरोबर काढलेलं निदान चुकलेलं ठरतं.

अहवाल चार पानांचा, तीन भागांत. काय पाहिलं आणि कसं मोजलं ते पहिल्या भागात, तारीख-वेळ आणि फोटोंसह. त्यावरून काय अनुमान निघतं ते दुसऱ्या भागात. आणि काय तपासलं नाही ते तिसऱ्यात: टाइल उघडली नाही, बेडरूमकडची भिंत पाहिली नाही, सळईची स्थिती तपासली नाही. सरकारी नोकरीत निरीक्षण टिपणी लिहिलेल्या माणसाला हे सोपं जातं, फक्त एक सवय मोडावी लागते. ‘सदर गळतीस फ्लॅट क्रमांक 402 जबाबदार आहे’ असं वाक्य तिथे नको. पाणी कुठून येतं ते इंजिनिअर सांगतो. खर्च कुणाचा हे उपविधी सांगतात: पावसाच्या पाण्याची आणि सामायिक पाइपांची गळती सोसायटीकडे, फ्लॅटच्या आतल्या बाबी सदस्याकडे. ती वाटणी समितीने करावी.

आता पैशांचं. पहिली भेट फुकट ठेवू नये, कारण खरं डोकं तिथेच खर्च होतं. वरच्या प्रकरणात पहिली भेट, चाचण्यांच्या लहान लहान फेऱ्या, जाणं-येणं आणि अहवाल मिळून साधारण चौदा तास गेले असं धरा. तासाला पाचशे रुपये लावले तरी सात हजार होतात. दर शहरानुसार आणि अनुभवानुसार बदलतील, पण हिशोब तासांवर करावा, डागाच्या आकारावर किंवा दुरुस्तीच्या खर्चावर नाही. पहिल्या भेटीची ठरावीक फी आगाऊ, उरलेली अहवाल देताना. नेमणूक शक्यतो सोसायटीच्या पत्राने घ्यावी. एकाच फ्लॅटवाल्याने बोलावून केलेला अहवाल दुसरा फ्लॅटवाला वाचायच्या आधीच नाकारतो, आणि दोघांच्या घरात शिरता आलं नाही तर चाचणीच होत नाही.

पत्रात कामाची मर्यादाही लिहावी: कुठली जागा, कुठली तक्रार, तोडफोड न करता. फी घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हलगर्जीपणाची तक्रार निवृत्त माणसावरही होऊ शकते. काम वाढलं तर व्यावसायिक जबाबदारीचा विमा घेता येतो.

दुरुस्तीच्या वेळी देखरेखीचंही काम मिळतं, आणि तिथे बाजारात बिलाच्या टक्केवारीवर फी घ्यायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. ज्याने खर्च आवरायचा त्याची कमाई खर्चाबरोबर वाढते. ठरावीक रक्कम किंवा भेटीमागे फी सरळ. ठेकेदार दिवाळीला पाकीट पाठवतो, त्याबद्दल तर बोलायलाच नको. एका लहानशा परिसरात ही बातमी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पोहोचायला आठवडाही लागत नाही, आणि मग आपण आणि फुकट तपासणारा वॉटरप्रूफिंगवाला यांत लोकांना फरक दिसत नाही.

कुठे थांबायचं हेही माहीत हवं. ओल पाहायला गेल्यावर कॉलमला उभी, सळईच्या रेषेत चाललेली भेग दिसली, तिच्यातून तांबूस ओघळ आलेले दिसले, किंवा स्लॅबच्या पोटाचं काँक्रीट सुटून सळई उघडी पडलेली दिसली, तर प्रश्न गळतीचा राहत नाही. गंज चढला की लोखंड मूळ आकारमानाच्या कितीतरी पट फुगतं आणि वरचं काँक्रीट आतून फोडतं. वरून प्लास्टर करून ते थांबत नाही. तिथे जे दिसलं ते त्याच दिवशी लेखी कळवून नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावण्याची शिफारस करावी, सळईची ताकद किती उरली यावर मत देऊ नये. उलट अशा इंजिनिअरच्या हाताखाली जागेवरची पाहणी करणं, हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो त्याचा नकाशा करणं, भेगांची नोंद ठेवणं, हे काम निवृत्त माणसाला मिळू शकतं. त्या लोकांना जागेवर सावकाश फिरणारी अनुभवी माणसं हवी असतात. त्यात सही त्यांची, नोंदी आपल्या. उलटा व्यवहार, म्हणजे न पाहिलेल्या इमारतीवर आपली सही विकणं, हे वयाला आणि पेन्शनला परवडणारं नाही.

हीच शिस्त वापरून आणखी एक काम निघतं, आणि त्याचा विचार फार थोड्या सोसायट्या वेळेवर करतात. 2016च्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीचा किंवा सेवांचा दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. नवीन फ्लॅटचा ताबा घेताना तपासून घेणारे लोक आता वाढलेत: टाइल ठोकून पोकळ कुठे आहे, ओळंबा लावून भिंत किती कललीय, खिडकीच्या चौकटीखालून पाणी आत येतं का, बाथरूमचा उतार ट्रॅपकडे आहे की दाराकडे. ते कामही बरं, पण त्यात तरुण मुलांच्या कंपन्यांशी स्पर्धा आहे. चौथ्या वर्षी मात्र सोसायटीकडे कुणी जात नाही. गच्ची, पाण्याच्या टाक्या, पोडियमखालच्या पार्किंगचं छत, बाहेरच्या भिंतींवरच्या भेगा, यांची एक पद्धतशीर यादी फोटोंसह करून मुदत संपायच्या आत बिल्डरला पाठवता आली, तर सोसायटीचा जो खर्च वाचतो त्यापुढे इंजिनिअरची फी काहीच नाही. पाहणीचा बराचसा भाग पावसाळ्यात करावा, कोरड्या दिवसांत गच्ची निर्दोष दिसते. ताबा सप्टेंबरमध्ये मिळाला असेल तर शेवटचा उपयोगी पावसाळा कुठला ते आधीच मोजून ठेवावं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी कारखान्यांतले प्रेशर व्हेसल आणि उचलयंत्रं तपासणाऱ्या ‘सक्षम व्यक्ती’चा मार्ग आहे, पण त्याला औद्योगिक सुरक्षा संचालनालयाची मान्यता लागते आणि वयाचीही अट असते. निवृत्तीनंतर सावकाश बघू म्हणणाऱ्यांची संधी तिथे हुकते. सरकारी अधिकाऱ्यांनी आणखी एक पाहावं. केंद्राच्या गट अ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी व्यवसायासाठी परवानगी लागते, राज्याचे आणि महामंडळांचे नियम वेगळे, ते आपल्या आस्थापना शाखेत विचारून मगच पहिलं बिल काढावं.

बिलाचा हिशोब मोठा नाही. सोसायटीने वर्षात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त व्यावसायिक फी दिली तर ती दहा टक्के कर कापून देते, तो विवरणपत्रात परत जुळवता येतो. अभियांत्रिकी हा आयकर कायद्याने मान्य केलेला व्यवसाय असल्याने, ढोबळ फीच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवून वह्या न ठेवण्याची सोयही मिळते. वर्षाची एकूण फी वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, आणि गळतीच्या कामात तो आकडा गाठायची चिंता नाही.

चिंता शिडीची मात्र करावी. पुण्यातले आमचे गृहस्थ ओव्हरहेड टाकीवर आता स्वतः चढत नाहीत. आयटीआय केलेला एक मुलगा ते दिवसाच्या मजुरीवर बरोबर नेतात. तो वर जातो, फोनवरून व्हिडिओ दाखवतो आणि साहेब खालून सांगतात, ‘जरा डावीकडे, त्या पाइपच्या मागे बघ.’ त्याची मजुरी ते बिलात वेगळ्या ओळीत लावतात.